जे सर्वांदेखत केलं, त्याची माफीही सर्वांदेखत

प्रिय सहकारी,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव या पत्रात नाही. त्या दिवशी मीटिंग रूममध्ये जे होते त्यांना ते माहीत आहे आणि जे नव्हते त्यांना माहीत असायचं कारण नाही. पत्र मात्र उघडं ठेवतो आहे, कारण मी तुमचा अपमान बंद दाराआड केला नव्हता. टेबलाभोवती सगळ्या विभागांचे प्रमुख होते, पडद्यावर हेड ऑफिसचे तिघे आणि ग्राहकाकडचे क्वालिटीचे दोघे होते, आणि काचेच्या पलीकडे पहिल्या शिफ्टची पोरं चहाचे कप हातात घेऊन आत बघत होती.

हे बाहेर देण्याआधी तुम्हाला वाचायला दिलं. तुम्ही दोन वाक्यं खोडलीत. त्यातलं एक म्हणजे तुमच्यावर मी मारलेला तो विनोद, जसाच्या तसा. "तो परत छापायला नको, सर," एवढंच म्हणालात. मला वाटलं होतं, स्वतःचे शब्द न लपवता लिहिले म्हणजे प्रामाणिकपणा झाला. ते शब्द पुन्हा एकदा चार लोकांत गेले असते आणि भोगायचे तुम्हालाच होते, हे मला तुम्ही खोडेपर्यंत सुचलं नव्हतं. दुसरं वाक्य कोणतं होतं ते सांगत नाही.

कारखान्याशी संबंध नसलेले लोकही हे वाचतील, म्हणून आधी काय घडलं ते सांगतो. तुमची चूक किती होती हे नीट मांडल्याशिवाय माझी किती होती ते कळायचं नाही.

चाकण एमआयडीसीतल्या आपल्या प्लांटमध्ये गिअरबॉक्सचे शाफ्ट होतात. शाफ्टवर जिथे बेअरिंग बसतं तिथला व्यास 25 मिलिमीटरचा, आणि त्याला मर्यादा 25.002 ते 25.015. म्हणजे सगळा खेळ 13 मायक्रॉनचा. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो. ग्राइंडिंग करताना पोलाद तापतं, म्हणून वरून कूलंट सोडतात आणि कूलंट गार ठेवायला चिलर असतो. मे महिन्यात आपला चिलर सारखा ट्रिप होत होता. कूलंट चाळिशीच्या वर जायचं आणि मशीनवरून उतरलेला शाफ्ट हाताला कोमट लागायचा. 25 मिलिमीटरचं पोलाद एका अंशाला जेमतेम 0.3 मायक्रॉन फुगतं, म्हणून कोणाला त्याचं काही वाटत नाही. पण माल 42 अंशांवर आणि ज्याच्याशी तुलना करून मोजायचं तो मास्टर एसीच्या खोलीतून आणलेला, 22 अंशांवर, असं झालं की 6 मायक्रॉनच्या आसपास फरक पडतो. गेजवर 25.006 दाखवणारा शाफ्ट गार झाला की 25.000 वर येतो. म्हणजे रिजेक्ट.

यावरचा उपाय साधा आहे. मोजमाप 20 अंशांना खरं धरायचं हा जगभरचा नियम. शॉप फ्लोअरवर ते जमत नाही, म्हणून माल आणि मास्टर एकाच टेबलावर शेजारीशेजारी ठेवायचे, अर्धा तास थांबायचं, दोघांचं तापमान सारखं झालं की मोजायचं. दोन्ही पोलादाचेच असल्यामुळे दोघेही सारखेच फुगलेले असतात आणि चूक आपोआप कटते. आपल्या वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये हे लिहिलेलं आहे.

त्या रात्री, तिसऱ्या शिफ्टला, तुम्ही तो अर्धा तास थांबला नाहीत. ही चूक तुमची. ती झाकून मला माफी मागायची नाही, कारण मग माफीचा अर्थ एवढाच उरेल की निर्दोष माणसाला बोललो म्हणून वाईट वाटलं. चूक तुमची होती आणि तरीही मी जे केलं ते करायचा मला अधिकार नव्हता. गाडी गेटवर उभी होती, प्लॅनिंगचे फोन चालू होते आणि ग्रुपवर माझा मेसेज होता, "काहीही झालं तरी गाडी चारला सुटली पाहिजे." मीटिंगमध्ये तुम्ही ना गाडीचं नाव काढलंत, ना माझ्या मेसेजचं.

600 शाफ्ट घेऊन गाडी चारला ग्राहकाकडे, साणंदला निघाली. सहाच्या सुमाराला तुम्ही रॅकवर उरलेले शाफ्ट पुन्हा मोजायला घेतलेत. कोणी सांगितलं नव्हतं. तोवर ते गार झाले होते आणि आकडे बदलले होते. शिफ्ट सातला सुटली. तुम्ही घरी गेला असतात तर पुढचे काही आठवडे तरी कोणाला पत्ता लागला नसता, आणि लागला असता तेव्हा दोष कोणत्या शिफ्टचा यावर वाद घालत बसलो असतो. तुम्ही रात्रभराच्या जागरणावर आणखी दोन तास थांबलात, नऊच्या मीटिंगला आलात आणि आपणहून उभं राहून सांगितलंत की लॉट संशयित आहे, गाडी थांबवा.

गाडी मनोरच्या आसपास पोचली होती. ड्रायव्हरला फोन लावला, त्याने ती ढाब्यावर घेतली आणि संध्याकाळी माल परत आला. निम्म्याहून अधिक शाफ्ट खालच्या मर्यादेच्या बाहेर निघाले. ते पुढे गेले असते तर बेअरिंगची आतली रिंग शाफ्टवर सैल बसून सरकत राहिली असती. आधी आवाज, मग झीज, मग वॉरंटीचे दावे. यातलं काही झालं नाही, कारण तुम्ही बोललात.

आता मी काय केलं ते. तुमच्या तक्रारीत जे यायला हवं होतं ते मीच लिहितो, कारण ही तक्रार तुम्ही कधी केली नाहीत.

पहिली गोष्ट इंग्रजीची. तुम्ही मराठीत सांगत होतात आणि सगळं स्पष्ट कळत होतं. मी मध्येच तोडून म्हणालो, "इंग्लिशमध्ये सांगा, सगळ्यांना कळू दे." पडद्यावरच्या पाचांपैकी चौघांना मराठी येत होतं आणि पाचव्याला हिंदी पुरलं असतं. मला हे ठाऊक होतं. तुमचं शिक्षण मराठी माध्यमात झालं आहे, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून तुम्ही इथे आलात आणि मशीनपासून वर चढलात, हेही ठाऊक होतं. तुम्ही कुठे अडखळाल हे माहीत असूनच मी तुम्हाला तिथे उभं केलं. तुम्ही "सर, मटेरियल वॉज हॉट कंडिशन" इथवर आलात आणि थांबलात. पुढचं वाक्य मी तुमच्या आवाजाची नक्कल करत पुरं केलं. हशा पिकला. तांत्रिक चुकीबद्दल बोलणं त्या क्षणी संपलं होतं. त्यानंतर तिथे चर्चा चालू होती ती तुम्ही कोण आहात, कुठून आलात याची, आणि त्याला तुमच्याकडे उत्तर असूच शकत नव्हतं. शाफ्ट परत मोजता येतो. आपलं गाव, शाळा, उच्चार हे कोणी परत दुरुस्त करून आणत नाही.

दुसरी गोष्ट त्या विनोदाची. तो मी लिहीत नाही, पण त्यातून तुम्हाला एक टोपणनाव चिकटलं. मी विनोद करून विसरून गेलो. तो माझ्यापुरता दहा सेकंदांचा होता. तुमच्यापुरता तो कँटीनच्या रांगेत, टाइम ऑफिसच्या खिडकीपाशी, बसमध्ये चालू राहिला. काही आठवड्यांनी ग्राइंडिंग सेक्शनमधून जाताना एका ट्रेनी पोराने तुम्हाला त्या नावाने हाक मारलेली मी स्वतः ऐकली. तो त्या मीटिंगमध्ये नव्हता. हे नाव कुठून आलं हेही त्याला बहुधा माहीत नसावं. तुम्ही ओ दिलीत. ओ देण्यावाचून तुमच्याकडे काय होतं? चिडलात तर "मजेत घ्या की साहेब" ऐकावं लागणार आणि गप्प राहिलात तर ते नाव पक्कं होणार.

तिसरी गोष्ट कोणाच्या लक्षातही आली नसेल. बोलून झाल्यावर मी तुम्हाला "बसा" म्हणालो नाही. मेंटेनन्सचा विषय निघाला, मग स्टोअरचा, मग पुढच्या महिन्याच्या शेड्यूलचा. तुम्ही भिंतीशी उभेच. खुर्ची रिकामी होती. रात्रभर काम केलेला माणूस उभा आहे हे मला दिसत होतं. बाकीच्यांनाही दिसत होतं, पण मी सांगेपर्यंत कोणी सांगणार नव्हतं. उभं राहायची शिक्षा आपण शाळेत भोगतो. तिथे निदान तास संपल्यावर सुटका होते आणि वर्गातल्या पोरांना उद्या आपल्या हाताखाली काम करायचं नसतं.

चौथी हीच. काचेपलीकडे ऑपरेटर होते आणि त्यांनी पाहिलेलं तुमच्या शिफ्टपर्यंत पोचणारच होतं. रात्रपाळीला पंचवीस माणसांकडून काम करून घ्यायचं म्हणजे इन्सेंटिव्ह, ओव्हरटाइम असलं काही तुमच्या हातात नसतं. "साहेबाला कळतं, साहेब सांगतो ते बरोबर असतं" एवढ्या एका भांडवलावर तुमची शिफ्ट चालते. ते मी सगळ्यांसमोर काढून घेतलं आणि त्याच रात्री तुम्हाला तुमच्या माणसांवर हुकूम चालवायला परत पाठवलं. त्या आठवड्यात तिसऱ्या शिफ्टचं उत्पादन घसरलं तेव्हा त्याबद्दलही मी तुम्हालाच मेल टाकला होता.

आणि पाचवी, जी मला बरेच दिवस चूक वाटतच नव्हती. त्याच दिवशी संध्याकाळी तुम्हाला फोन करून केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला आणि म्हणालो, "मनावर घेऊ नका, वरून प्रेशर होतं." तुम्ही म्हणालात, "नाही सर, काही नाही." मी सुटलो. घरी जाऊन शांत झोपलो. आता त्या खोलीतलं गणित मांडून बघतो. तुमचं अप्रेझल माझ्या हातात, रजा माझ्या सहीने, आणि मी समोर बसून तुमच्या तोंडाकडे बघतोय. "काही नाही" यापलीकडे तुम्ही काय म्हणणार होतात? सकाळी सर्वांसमोर ओशाळायला लावलं आणि संध्याकाळी एकांतात माफ करायला लावलं. शिवाय ज्यांनी सकाळचं पाहिलं त्यांच्यापैकी एकालाही संध्याकाळचं कळलं नाही. त्यांच्या हिशेबी तुमचा अपमान तसाच उभा होता आणि तो रास्तही होता.

ती माफी मी परत घेतो. तिच्या जागी हे पत्र धरा. याला उत्तर देऊ नका. भेटलो की हसून बोलायला हवं, "झालं गेलं" म्हणायला हवं, असं काही नाही. कामापुरतं बोललात तरी त्याचा मी वेगळा अर्थ लावणार नाही.

शरमेबद्दल मला जे कळलं ते उशिरा कळलं, आणि कळलं तेही तुमच्या वागण्याकडे पाहून. आधी तुम्ही मीटिंगला वही आणायचात, आता टाइप केलेला कागद आणता आणि त्यातलं वाचून दाखवता. पूर्वी "सर, मला असं वाटतं" म्हणायचात. आता फक्त आकडे सांगता. साध्या गोष्टीसाठीही मेल मागता. मी हे शिस्त आल्याचं लक्षण समजलो होतो. एचआरच्या एका ट्रेनिंगमध्ये ऐकलं की अपराधीपणात माणसाचं लक्ष आपल्या कृतीवर असतं आणि शरमेत स्वतःवर, हा भेद अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हेलन ब्लॉक लुईस यांनी 1971मध्ये मांडला. तेव्हा तुमचा तो कागद डोळ्यासमोर आला. सकाळी सहाला तुम्ही रॅकवरचे शाफ्ट परत मोजलेत ते अपराधीपणामुळे: आपल्याकडून चुकलं, आता निस्तरलं पाहिजे. तो भाव कारखान्याला हवाच असतो. नऊ वाजता मी त्याची शरम करून टाकली. शरमेत माणूस चूक निस्तरायला धावत नाही, तो दिसेनासा व्हायला बघतो. तुम्ही त्या टाइप केलेल्या कागदामागे दिसेनासे झालात.

आणि तुम्ही एकटेच झाला नाहीत. आपल्याकडे पद्धत आहे: चांगल्या मालाला हिरवं लेबल, रिजेक्टला लाल, आणि शंका असेल तर पिवळं लावून माल बाजूला. पिवळं लेबल लावलं की माल अडतो, कोणीतरी येऊन तपासतो, लावणाऱ्याला मीटिंगमध्ये कारण सांगावं लागतं. मेपर्यंत महिन्याला आठ-दहा पिवळी लेबलं लागायची. जूनमध्ये दोन लागली. मी त्याचा आलेख काढला आणि हेड ऑफिसला सुधारणा म्हणून दाखवला. शाबासकी घेतली. जुलैमध्ये साणंदहून फोन आला की बेअरिंगच्या जागेवर चॅटरच्या, म्हणजे ग्राइंडिंग करताना थरथरीने पडलेल्या खुणा आहेत, असेंब्लीला आवाज येतोय. आपली चार माणसं तिथे जाऊन बसली, गोडाऊनमधला सगळा माल एकेक करून निवडला, डेबिट नोट आली ती वेगळी. ग्राइंडिंग व्हीलचं ड्रेसिंग, म्हणजे चाकाची झिजलेली कड पुन्हा नीट करणं, वेळेवर झालं नव्हतं आणि हे दुसऱ्या शिफ्टच्या सुपरवायझरला त्याच दिवशी दिसलं होतं. शाफ्ट प्रकाशात तिरका धरला की पट्टे दिसतात. त्याने पाहिले होते. पिवळं लेबल का नाही लावलं असं विचारल्यावर तो आधी गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, त्या भिंतीला उभं राहायचं नव्हतं."

तुम्ही त्या भिंतीशी उभे होतात, तेव्हा तोही खोलीत होता. पिवळी लेबलं कमी झाल्याचा माझा आलेख म्हणजे खरं तर किती लोक गप्प झाले त्याचा आलेख होता. ट्रेनिंग रूममध्ये क्वालिटीचे तज्ज्ञ डेमिंग यांच्या 14 मुद्द्यांचा तक्ता लावला आहे, मीच ऑर्डर देऊन बनवून घेतलेला. त्यातला आठवा मुद्दा भीती घालवण्याबद्दल आहे. मी त्याच्यासमोर उभा राहून भाषणं दिली आहेत.

मी असं का केलं याचं कारण देतो, सबब म्हणून नाही. पडद्यावर ग्राहक होता, माझा साहेब होता, आणि माझ्याच प्लांटमधला माणूस त्यांच्यासमोर सांगत होता की लॉट गेला. त्या क्षणी लाज मला वाटली. चिलरच्या कॉम्प्रेसरचं कोटेशन एप्रिलपासून माझ्याकडे सहीसाठी पडलं होतं आणि तुम्ही पुढचं वाक्य तेच बोलाल अशी मला धास्ती होती. तुम्ही ते बोलणार नव्हतात, हे आता कळतंय. ती धास्ती स्वतःपाशी ठेवण्याऐवजी मी तिचं तोंड तुमच्याकडे वळवलं. लोक हसले तेव्हा मला हायसं वाटलं, कारण कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. हे लिहिताना हात अडखळतो, पण नेमकं असंच झालं.

आता जे त्या खोलीत होते त्यांच्याशी दोन शब्द. हसण्याचा दोष मी तुमच्यावर ढकलत नाही. साहेब हसला की हसावं लागतं हे मी तुमच्या जागी असताना शिकलोय. पण ते टोपणनाव आजपासून बंद करा. तुमच्या हाताखालच्या पोरांनाही सांगा आणि कारण विचारलं तर माझं नाव घ्या. कोणी त्यांच्याकडे जाऊन "मला तेव्हाच वाईट वाटलं होतं" असं सांगू नका. त्या वेळी तुम्ही खाली मान घालून मोबाइल बघत होता, हे त्यांनी पाहिलं आहे. आता त्यांच्याकडून दिलासा घ्यायला जाऊ नका.

व्यवस्थापनालाही काही सांगायचं आहे. मशीनवरच्या कायम कामगाराकडून चूक झाली तर आपण काय करतो? आरोपपत्र देतो, खुलाशाला मुदत देतो, चौकशी बसवतो, सोबत एक सहकारी आणू देतो. 1946च्या स्थायी आदेशांच्या कायद्यापासून हे चालत आलं आहे आणि युनियनने ते टिकवून ठेवलं आहे. याच कामगारांच्या शिफ्टची जबाबदारी ज्याच्या अंगावर असते तो इंजिनिअर "स्टाफ" असल्यामुळे यातलं काहीही त्याच्या वाट्याला येत नाही. त्याची चौकशी सकाळी नऊच्या मीटिंगमध्ये होते, आरोप करणारा आणि निकाल देणारा एकच असतो, आणि शिक्षा जागेवर, सगळ्यांच्या साक्षीने. आपण सगळे याला रिव्ह्यू म्हणतो.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

त्या मीटिंगचं व्हिडिओ रेकॉर्डिंग कॉमन फोल्डरमध्ये आहे आणि ज्याला लिंक मिळेल त्याला ते बघता येतं. ते तिथून काढा. चौकशीसाठी हवं असेल तर एचआरकडे एक प्रत कुलपात ठेवा, आणि ती कोणी उघडली याची नोंद ठेवा.

या सहकाऱ्याचं यंदाचं अप्रेझल माझ्याकडून करून घेऊ नका. मी कडक झालो तर तो सूड दिसेल आणि सढळ झालो तर ती भरपाई ठरेल. दोन्हीत त्यांच्या कामाचं मोल होणार नाही. ते दुसऱ्या प्लांटच्या प्रमुखाने करावं, आणि त्या रात्रीच्या नोंदीत "माप चुकवलं" याबरोबर "आपणहून कळवलं, गाडी थांबवली, ग्राहकाकडे एकही सदोष नग गेला नाही" हेही लिहिलेलं असावं. दोन्ही खरं आहे.

माझ्या वर्तनाबद्दल मला लेखी समज द्या आणि ती माझ्या फाइलला लावा. एचआर म्हणते की पत्र लिहिलंत तेवढं पुरे. पुरे नाही. सुपरवायझरने हेल्मेट घातलं नाही तर आपण मेमो देतो.

सकाळच्या मीटिंगमध्ये दोष मांडताना पार्ट नंबर, मशीन आणि शिफ्ट सांगावी. माणसाचं नाव स्लाइडवर येऊ नये. माणसाशी बोलायचं असेल ते त्याच्या वरिष्ठाने वेगळं, त्याच्या भाषेत बोलावं. रात्रपाळी करून आलेल्याला मीटिंगला बोलवायचंच असेल तर त्याला सगळ्यात आधी बोलू द्यावं, बसू द्यावं आणि घरी सोडावं. दोष आपणहून कळवलेल्या प्रकरणांची नोंद वेगळी ठेवावी आणि तो आकडा कमी झाला तर त्याला सुधारणा म्हणून दाखवायच्या आधी शॉप फ्लोअरवर जाऊन विचारावं. काही व्यवस्थापक म्हणतील, असं केलं तर धाक राहणार नाही. धाक होता तेव्हा जुलै झाला.

चिलरच्या कॉम्प्रेसरच्या कोटेशनवर मी सही केली आहे, नवीन कॉम्प्रेसर बसला आहे आणि कूलंट आता 25 अंशांच्या आसपास राहतं. तरी माल आणि मास्टर शेजारी ठेवून अर्धा तास थांबायचा नियम कायम आहे. त्या अर्ध्या तासासाठी गाडी थांबली तर प्लॅनिंगने मला फोन करायचा, शिफ्ट इंजिनिअरला नाही. तसं लेखी काढलं आहे.

येत्या सोमवारी नऊच्या मीटिंगमध्ये हे पत्र मी उभं राहून वाचणार आहे, मराठीत, पडद्यावर हेड ऑफिस असताना. ग्राहकाकडच्या दोघांना मी वेगळं लिहिलं आहे. तुम्ही सांगितलंत की त्या वेळी तुम्हाला तिथे थांबायचं नाही, म्हणून तुमच्या म्हणण्याप्रमाणे सोमवारी तुम्हाला दुसरी शिफ्ट दिली आहे. साडेतीनला या.

आपला,
प्लांट मॅनेजर